नासाडीचा आकडा येतो कुठून?

घर बांधायला काढलं की अंदाजपत्रकात प्रत्येक मालाच्या ओळीपुढे ‘वेस्टेज’ नावाचा एक छोटा आकडा येतो. सिमेंटला २ ते ३ टक्के, सळईला ३ ते ५, वाळूला १० ते १५, फरशीला ५ ते १०, रंगाला ५ च्या आसपास. हे आकडे इंजिनिअरच्या तोंडपाठ असतात, ठेकेदाराच्याही असतात आणि सहसा कुणी त्यांच्याबद्दल प्रश्न विचारत नाही. ते चुकीचेही नाहीत. नेहमीच्या कामात, बऱ्यापैकी देखरेखीखाली, नासाडी साधारण याच पट्ट्यात राहते. अडचण वेगळीच आहे. या पाच आकड्यांखाली पाच वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. त्यांतल्या काही नासाडी आहेत, काही मापाच्या चुका आहेत आणि काही मुळात वायाच जात नाहीत, त्या भिंतीतच राहतात.

ब्रिटनमधल्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटचे संशोधक स्कॉइल्स यांनी १९७०च्या दशकात बांधकामावरच्या नासाडीचा अभ्यास करताना तिचे दोन भाग पाडले होते. एक थेट नासाडी, म्हणजे फुटलेली, सांडलेली, कापून उरलेली, भंगारात गेलेली वस्तू. दुसरी अप्रत्यक्ष, म्हणजे माल कामातच गेला, पण हिशेबापेक्षा जास्त गेला. पहिली डोळ्यांना दिसते, म्हणून तिच्यावरून साइटवर आरडाओरडा होतो. दुसरी दिसत नाही आणि बहुतेक घरांत पैसा तिथेच मुरतो. सिमेंट हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण.

सिमेंटची थेट नासाडी खरोखरच कमी असते. फाटलेली गोणी, ओल लागून गोळे झालेली गोणी, मिसळून वेळेत न वापरलेला माल, असं सगळं धरून २ टक्क्यांत भागतं. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या मोठ्या कामांच्या कंत्राटांतही सिमेंटला हिशेबापेक्षा २ टक्क्यांचाच फरक मान्य असतो. आता एका घरातल्या १०० चौरस मीटर गिलाव्याचा हिशेब पाहू. १२ मिलिमीटर जाडीचा, एकास चार प्रमाणातला गिलावा धरला तर ओला माल १.२ घनमीटर होतो. कोरडा माल ओला झाला की आकसतो, म्हणून त्याला १.३३ ने गुणलं की कोरडा माल १.६ घनमीटर येतो. त्याचा पाचवा हिस्सा सिमेंट, म्हणजे साधारण सव्वानऊ गोण्या. यावर २ टक्के नासाडी म्हणजे एका गोणीच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी.

पण विटकाम ओळंब्यात नसेल तर काय होतं? भिंत एका टोकाला बाहेर आली आणि दुसऱ्या टोकाला आत गेली की गवंडी पृष्ठभाग सरळ करण्यासाठी आतल्या बाजूला माल भरतो. सरासरी जाडी १२ वरून १८ मिलिमीटरवर गेली, तर त्याच भिंतीला पावणेचौदा गोण्या लागतात. साडेचार गोण्यांच्या आसपास जादा, म्हणजे थेट ५० टक्के. जमिनीवर सिमेंटचा कणही पडलेला नसतो, साइट झाडून स्वच्छ असते आणि मालक विचारत असतो की सिमेंट गेलं कुठे. गिलाव्याआधी भिंतीवर ओळंब्याने ठिपके मारून घेतले आणि प्रत्येक ठिपक्याची जाडी टेपने मोजली, तर हे उत्तर आधीच कळतं. ठिपक्यांची सरासरी १६ आली तर सिमेंट १६ ने काढायचं आणि नासाडी वेगळी २ टक्केच ठेवायची. जाडीची तूट भरून काढायला नासाडीचा आकडा १० किंवा २० टक्क्यांवर नेला, तर विटकाम कुठे बिघडलं हे त्या आकड्याखाली गाडलं जातं आणि पुढच्या मजल्यावर तीच चूक पुन्हा होते.

स्लॅबचंही असंच आहे. पाच इंची स्लॅब ओतताना पाव इंच जास्त पडलं की काँक्रीट ५ टक्क्यांनी वाढतं. सेंट्रिंगच्या प्लेटा मध्ये वाकल्या किंवा वरची पातळी नजरेने धरली की पाव इंच जायला वेळ लागत नाही.

वाळूला मात्र १५ टक्के ऐकून लोक दचकतात आणि वाळू चोरीला जात असावी असं धरून चालतात. इथे आधी मापाचा प्रश्न सोडवावा लागतो. महाराष्ट्रात वाळू ब्रासवर विकली जाते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. पण ओलसर वाळू फुगते. कणांभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा बसतो, कण एकमेकांपासून दूर राहतात आणि तीच वाळू जास्त जागा व्यापते. बारीक वाळूत थोड्याशा ओलीनेही ही फूग ३० टक्क्यांपर्यंत, कधी त्याहून वर जाते. वाळू पाण्यात पूर्ण बुडाली की फूग नाहीशी होते. यावरूनच साइटवर करता येणारी साधी तपासणी निघाली आहे. एखाद्या सरळ उभ्या डब्यात ओलसर वाळू न दाबता २० सेंटिमीटरपर्यंत भरायची, मग वाळू बुडेपर्यंत पाणी ओतून ढवळायची आणि बसू द्यायची. ती १६ सेंटिमीटरवर आली तर फूग ४ भागिले १६, म्हणजे २५ टक्के. अशा वाळूचा एक ब्रास घेतला तर खरी वाळू ८० घनफूटच मिळते.

हे २० घनफूट नासाडीत धरायचे नसतात. ते खरेदीच्या मापात आणि मिसळणीच्या फर्म्यात दुरुस्त करायचे असतात. मिसळताना घमेल्याने किंवा फर्म्याने वाळू मोजली जाते तेव्हाही हीच फूग असते. तिथे दुरुस्ती केली नाही, तर मालात वाळू कमी आणि सिमेंट जास्त पडतं, म्हणजे वाळूची चूक सिमेंटच्या खात्यात जाते. शिवाय गाडी खाली होण्याआधी हौद्याची आतली लांबी, रुंदी आणि चार-पाच ठिकाणी उंची मोजून घेतली, तर मालाचा ढीग कितीही उंच दिसला तरी फसगत होत नाही.

मापं सुधारल्यावर उरते ती वाळूची खरी नासाडी, आणि तिचा मोठा वाटा जमिनीत जातो. एक ब्रास वाळू दहा फूट बाय दहा फूट जागेत पसरली तर तिची उंची एक फूट होते. ती मातीवर टाकली असेल तर तळाची एक इंच वाळू मातीत मिसळून निकामी होते. बारातला एक इंच म्हणजे ८ टक्क्यांहून थोडं जास्त. ढीग अधिक पसरट असेल तर हे प्रमाण आणखी वाढतं. खाली पीसीसीचा थर किंवा जाड ताडपत्री असली आणि कडेने विटांची एक रांग लावली, तर हे ८ टक्के जवळपास वाचतात. म्हणून वाळूचा आकडा ठरवताना वाळू कोणती आहे याच्या आधी ती टाकणार कुठे हे विचारलं पाहिजे. कठीण तळ असेल तर ५ टक्के पुरतात. मोकळी जमीन आणि पावसाळा असेल तर १५ धरणंच शहाणपणाचं. गिलाव्यासाठी नदीची वाळू चाळून घ्यायची असेल, तर चाळणीवर राहणारी खडी आणि शिंपले वेगळे मोजायचे. पहिल्या गाडीतल्या दहा घमेल्यांमागे किती चाळ निघाली हे पाहिलं की पुढचा अंदाज बांधता येतो. क्रश सँडमध्ये ही चाळ सहसा कमी निघते.

फरशीत टक्केवारीचा खेळ सर्वांत उघड दिसतो, कारण इथे खोलीच्या दोन इंचांनी आकडा पालटतो.

दुकानात ‘दोन बाय दोन’ म्हणून मिळणारी टाइल प्रत्यक्षात ६०० मिलिमीटर असते, दोन फुटांपेक्षा जवळपास एक सेंटिमीटरने लहान. नऊ फूट बाय नऊ फुटांची खोली घेऊ. फुटांत हिशेब केला तर एका रांगेत साडेचार टाइल. म्हणजे एका टाइलचे दोन अर्धे करून दोन रांगा भागतील आणि २१ टाइलमध्ये खोली होईल, असं कागदावर वाटतं. प्रत्यक्षात नऊ फूट म्हणजे २७४३ मिलिमीटर. चार टाइल आणि त्यांच्यामधल्या तीन-तीन मिलिमीटरच्या फटी मिळून २४१२ होतात. उरतात ३३१, आणि टाइलचा अर्धा तुकडा ३०० चाही पुरता भरत नाही. तीन सेंटिमीटरची फट स्कर्टिंगखाली लपत नाही. त्यामुळे प्रत्येक रांगेला नवी टाइल कापावी लागते आणि २१ ऐवजी पाच गुणिले पाच, म्हणजे २५ टाइल लागतात. फक्त जमिनीचं क्षेत्रफळ धरलं तर नासाडी जवळपास २० टक्के.

हीच खोली गिलाव्यानंतर आठ फूट दहा इंचांची भरली, तर शेवटच्या जागेला २८० मिलिमीटर लागतात. तिथे अर्धा तुकडा चालतो, २१ टाइल पुरतात आणि नासाडी सव्वाचार टक्क्यांच्या आसपास राहते. दोन इंचांत वीस टक्क्यांची चार टक्के झाली.

पण हिशेब इथे थांबवला तर पहिल्या खोलीवर अन्याय होईल. तिथे कापून उरलेले २६६ मिलिमीटर रुंदीचे तुकडे भंगारात टाकायचे नसतात. प्रत्येक तुकड्यातून चार इंची स्कर्टिंगच्या दोन पट्ट्या निघतात. कडेच्या आठ टाइलमधून १६ आणि कोपऱ्याच्या टाइलमधून आणखी दोन, अशा १८ पट्ट्या, प्रत्येकी ६० सेंटिमीटरची, म्हणजे जवळजवळ अकरा मीटर. दार वजा जाता खोलीचं स्कर्टिंग दहा मीटरच्या आसपास आहे. म्हणजे त्याच २५ टाइलमध्ये जमीनही झाली आणि स्कर्टिंगही. आठ फूट दहा इंचांच्या खोलीला स्कर्टिंगसाठी तीन टाइल वेगळ्या लागतात, कारण तिथे तुकडे जमिनीतच खपले, एकूण २४. दोन्ही खोल्यांत खरा फरक एका टाइलचा निघाला. ज्याने स्कर्टिंग आणि जमीन वेगवेगळी धरून दोन्हींवर १० टक्के लावले, त्याने वरच्या खोलीत तुकड्यांचा उपयोग हिशेबात घेतलाच नाही.

तुकड्यांचा उपयोग करायला दोन अटी आहेत. डिझाइन दिशेचं नसावं, म्हणजे संगमरवराच्या शिरा एका टाइलमधून दुसऱ्या टाइलमध्ये चालत जाणाऱ्या नसाव्यात. तसं असेल तर प्रत्येक तुकड्याची जागा ठरलेली असते आणि उरलेला तुकडा दुसरीकडे बसत नाही. शिवाय स्कर्टिंगची वर दिसणारी कड एकतर कारखान्याची असावी किंवा घासून गुळगुळीत केलेली असावी. टाइल तिरक्या लावायच्या असतील तर कडेला त्रिकोणी तुकडे निघतात. त्यांचा फार थोडा भाग पुन्हा उपयोगी पडतो, म्हणून तिथे १० ते १५ टक्के धरतात. बाथरूममध्ये नळ, ट्रॅप, कोनाडे यांच्यामुळे लहान जागेत काप जास्त पडतात. सरळ मांडणी असली तरी तिथे दिवाणखान्याचा आकडा लावू नये.

टाइल मात्र खोक्यातच येते. ६०० मिलिमीटरच्या टाइलच्या खोक्यात बहुतेक चार नग असतात. २५ टाइलसाठी सात खोकी, म्हणजे २८ नग. वरचे तीन नग तुटफुटीसाठी आणि पुढच्या दुरुस्तीसाठी ठेवायचे. खोक्यावर बॅच आणि शेड छापलेली असते. दोन वर्षांनी त्याच नावाची टाइल मिळेल, पण त्याच शेडची मिळेल याची खात्री कुणी देत नाही.

सळईकडे वळताना शिंप्याची आठवण होते: कापड किती आहे यापेक्षा कोणता तुकडा कोणत्या तुकड्याशेजारी काढला, यावर चिंध्या ठरतात. सळई साधारण १२ मीटर लांबीची येते. समजा, एका स्लॅबला १० मिलिमीटरच्या सळईचे ४.२ मीटरचे ६० आणि ३.६ मीटरचे ३० तुकडे हवे आहेत. एका सळईतून दोन ४.२ चे आणि एक ३.६ चा काढला की बरोबर १२ मीटर होतात आणि ३० सळयांत काम संपतं. फिटरने आधी ३.६ चे सगळे तुकडे वेगळ्या दहा सळयांमधून काढले, तर प्रत्येक सळईला १.२ मीटरचा तुकडा उरतो. मग ४.२ चे तुकडे ३० सळयांतून काढले की ३.६ मीटरचे ३० तुकडे शिल्लक पडतात. एकूण ४० सळया गेल्या, ७४ किलो जास्त. ३.६ चे तुकडे पुढच्या स्लॅबला कामी येतीलही, पण आज पैसे गुंतले आणि उद्या त्यांचे वाट्टेल तसे तुकडे पाडले जाण्याची शक्यता वाढली. १.२ मीटरच्या तुकड्यांपासून वरच्या सळईखाली ठेवायच्या खुर्च्या करता येतात, त्यापलीकडे त्यांचा उपयोग थोडाच.

प्रत्यक्ष कामात तुकडे इतके नेटके जुळत नाहीत. तरीही बार बेंडिंग शेड्यूलवरून, म्हणजे प्रत्येक सळईचा व्यास, लांबी आणि नग दाखवणाऱ्या तक्त्यावरून, कापायचा क्रम एकदा लिहून काढला की नासाडी ३ टक्क्यांच्या आत ठेवता येते. क्रम लिहिला नसेल तर ५ टक्के धरणं प्रामाणिकपणाचं. जोडांची लांबी यात येत नाही. एम-२५ काँक्रीट आणि फे-५०० सळईला ताणाच्या ठिकाणी जोड व्यासाच्या साधारण ४९ पट लागतो, म्हणजे १२ मिलिमीटरच्या सळईला जवळपास ६० सेंटिमीटर. हा जोड नकाशात आहे, तो कामाचा भाग आहे आणि शेड्यूलमध्येच धरायचा असतो. तो नासाडीत टाकला की टक्का उगाच फुगतो. मोजमापाच्या भारतीय मानकातही, आयएस १२०० मध्ये, मंजूर जोड मोजले जातात, कापून वाया गेलेलं मोजलं जात नाही. ते ठेकेदाराच्या दरातच समाविष्ट असतं. त्यामुळे काम मालासह दिलं असेल तर सळईची नासाडी ठेकेदाराच्या खिशातून जाते, मजुरीवर दिलं असेल तर मालकाच्या. कापायचा क्रम कुणी लिहायचा, हे करारात आधी ठरवावं ते यासाठीच.

रंगाबद्दल थोडक्यात. डब्यावर लिटरमागे किती चौरस फूट होतं ते छापलेलं असतं, पण तो आकडा गुळगुळीत, प्रायमर लावलेल्या पृष्ठभागासाठीचा असतो. दोन हातांना लिटरमागे १२० चौरस फूट धरून १००० चौरस फुटांना सव्वाआठ लिटरच्या थोडा वर रंग निघतो. भिंत जास्त शोषणारी असेल आणि १०० चौरस फूटच झाले तर १० लिटर. हा २० टक्क्यांचा फरक रोलरला चिकटलेल्या रंगाचा नाही. बादली, रोलर आणि डब्याच्या तळाला राहणारा रंग ३ ते ५ टक्के धरला तरी पुष्कळ. दहा बाय दहा फुटांचा एक पट्टा दोन हातांनी रंगवून, आधी आणि नंतर डब्याचं वजन करून, आपल्या भिंतीचा खरा आकडा मिळवावा आणि त्यावर हे ३ ते ५ टक्के लावावेत. छटा मिसळून घेतली असेल तर संपूर्ण खोलीची एकाच वेळी मिसळलेली बरी.

आकडा ठरवल्यावर तो बरोबर होता का, हे पहिल्या स्लॅबनंतर तपासता येतं. समजा, एका घराच्या पहिल्या स्लॅबपर्यंत ३००० किलो सळई वजनकाट्यावर घेतली. स्लॅब ओतल्यावर साइटवर २१० किलो शिल्लक आहे, म्हणजे २७९० किलो वापरली. शेड्यूलप्रमाणे लागायला हवी होती २६४०. फरक १५० किलो, जवळपास पावणेसहा टक्के. इथे बहुतेक जण फिटरला बोल लावतात. त्याआधी भंगाराचा ढीग वजन करून पाहावा. तो ७० किलो भरला. उरले ८०. आता वापरलेल्या व्यासांचे एक-एक मीटरचे तुकडे कापून वजन करावेत. १० मिलिमीटरच्या सळईचं सैद्धांतिक वजन मीटरला ०.६१७ किलो असतं, पण भारतीय मानक आयएस १७८६ इतक्या बारीक सळईला बॅचच्या वजनात ७ टक्के वर-खाली जायची मुभा देतं, १६ मिलिमीटरपर्यंत ५ टक्के आणि त्यावर ३. तुकडे सरासरी अडीच टक्के जड निघाले. सळई किलोवर घेतली आणि मीटरवर वापरली, त्यामुळे २६४० किलोच्या कामाला ६६ किलो अशी गेली; ती काँक्रीटमध्येच आहे. उरलेले १४ किलो शेड्यूलमध्ये न धरलेल्या खुर्च्यांचे असू शकतात, आणि खुर्च्या किती लावल्या हे फिटर सांगू शकतो. दुसऱ्या स्लॅबसाठी मग कापाकापीला पावणेतीन टक्के, खुर्च्या शेड्यूलमध्ये आणि वजनातला फरक खरेदीच्या वेळीच त्या लॉटचे तुकडे तोलून, असे तीन आकडे वेगवेगळ्या ओळींत लिहायचे.